रोज एक अंडं: पाड्यावरच्या आयांसमोर पाच मिनिटं कसं बोलायचं

मुंबईत गाव कुठे आलं, असं विचारणाऱ्याने एकदा आरे कॉलनीत आत शिरून बघावं. तबेल्यांच्या मागे, झाडीत वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबांचे पाडे आहेत. गोराई, मनोरी, मढ ही गावंही मुंबईतच मोडतात. इथे काम करणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकेला किंवा अंगणवाडी सेविकेला कधी ना कधी आयांना गोळा करून पोषणावर बोलावं लागतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. विषय एकच घेतला आहे: सहा महिन्यांवरच्या मुलाच्या रोजच्या जेवणात एक अंडं वाढवा, हे पाच मिनिटांत कसं सांगायचं. उदाहरण आरेमधल्या पाड्याचं घेतलं आहे. कोळीवाड्यात काय बदलावं लागतं, ते पुढे येईल.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. अंडं चांगलं असतं, हे पाड्यावरच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. भाषणाचा निम्मा वेळ प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मोजण्यात गेला, तर बायका माना डोलावतील आणि घरी जाऊन पोराला चहात बुडवलेला बटर देतील. अडचण माहितीची नाही. अंडं घरात असूनही पोराच्या तोंडात जात नाही, ते का जात नाही हे शोधणं हे पहिलं काम.

भाषणाच्या आधी: अंडं जातं कुठे?

बैठकीच्या आठवडाभर आधी चार-पाच घरी बसून गप्पा मारा. कोंबड्या आहेत का, अंडी किती निघतात, त्यांचं काय होतं आणि दुपारी पोराजवळ कोण असतं, एवढंच विचारायचं. उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. गावठी कोंबडीची अंडी ती खुडूक बसली की उबवायला ठेवतात, कारण पिल्लू म्हणजे पुढचे पैसे. काही अंडी विकली जातात, पाहुणा आला की त्याच्या ताटात जातात, नाहीतर कमावत्या माणसाच्या. दोन वर्षांच्या आतल्या पोराचा नंबर शेवटी लागतो, कारण “त्याला चावता येत नाही” असा समज असतो. आणि बऱ्याच घरांत आई सकाळी सातला गोरेगावच्या इमारतींमध्ये घरकामाला निघते. पोर आजीजवळ राहतं.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पाड्यावर आयांना पटवून अंडं सुरू होत नाही, ते आजीला पटवून सुरू होतं. म्हणून बैठकीचं आमंत्रण देताना “आजीला घेऊन या” हे प्रत्येक घरी वेगळं सांगा. वेळ संध्याकाळी पाचनंतरची किंवा रविवार दुपारची ठेवा. सकाळी अकराला अंगणवाडीत बैठक लावली, तर ज्यांच्यासाठी बोलायचं त्या बायका कामावर असतील. श्रावणात हा विषय काढूच नका. त्या महिन्यात बऱ्याच घरांत अंडं शिजत नाही, आणि महिनाभर थांबावं लागलं की ऐकलेलं विसरलं जातं.

माळ घातलेली घरं कोणती, तेही आधी कळायला हवं. चारचौघींत त्या बाईला अवघडल्यासारखं होऊ देऊ नका. तिच्यासाठी घट्ट वरण, दही आणि भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट हा पर्याय भाषणात तुम्हीच बोलून टाका, म्हणजे तिला विचारावं लागणार नाही.

सोबत काय न्यायचं

चार उकडलेली अंडी, एक छोटी वाटी, चमचा, थोडी पातळ पेज आणि थोडी घट्ट पेज किंवा मऊ भात, साबण आणि पाण्याचा तांब्या. तक्ते आणि चित्रं नसली तरी चालतं. डोळ्यांसमोर अंडं कुस्करून पोराला भरवलेलं बाई विसरत नाही. अंडी गार पाण्यात बुडतील अशी ठेवा, पाण्याला उकळी फुटली की १० ते १२ मिनिटं उकळू द्या, मग गार पाण्यात टाका. बैठकीच्या वेळेच्या बेतानेच उकडा. उकडलेलं अंडं मुंबईच्या हवेत दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, आणि आपणच तो नियम मोडला तर सांगण्याला वजन राहत नाही.

भाषण

खालचं भाषण सावकाश बोललं तर पाच मिनिटांत होतं. तोंडपाठ करू नका. क्रम लक्षात ठेवा आणि शब्द आपापले वापरा.

“रामराम बायांनो. जास्त वेळ बसवत नाही, सगळ्यांच्या चुली पेटायच्यात. आजी, तुम्ही मागे का बसलात? पुढे या. दुपारी पोराला तुम्हीच भरवता, तेव्हा आजचं बोलणं तुमच्याशीच आहे.

ही वाटी बघा. सात-आठ महिन्यांच्या पोराचं पोट एवढंच असतं. एका वेळेला यापेक्षा जास्त त्यात मावत नाही. आता यात मी पातळ पेज ओतते. भरली वाटी. पोराने एवढी पेज प्यायली की ते मान फिरवतं, आपल्याला वाटतं जेवलं. पण यात पाणीच जास्त आहे. तासाभराने ते परत किरकिरतं, मग आपण हातात बिस्कीट देतो.

आता हे अंडं सोलते. आधी हात धुते, बघा. हे कुस्करलं आणि वाटीत टाकलं. अर्धी वाटीसुद्धा भरली नाही. वाढत्या अंगाला आणि मेंदूला जे लागतं, त्यातलं बरंच काही एवढ्याशा जागेत आलं. उरलेल्या जागेत घट्ट पेज घाला. अंगावरचं दूध चालू ठेवा, वरणभात चालू ठेवा. काहीही बंद करायचं नाही, त्यात हे एक वाढवायचं आहे.

माझं मागणं एकच. सहा महिने पूर्ण झालेल्या प्रत्येक पोराला रोज एक अंडं. अगदी लहान असेल तर थोड्यापासून सुरू करा. पहिल्या दिवशी अर्धा छोटा चमचा, तोही सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसभर पोर आपल्या नजरेसमोर राहतं. त्या दिवशी दुसरं काही नवीन देऊ नका. दुसऱ्या दिवशी एक चमचा, तिसऱ्या दिवशी दोन. असं करत आठ-दहा दिवसांत अर्धं, मग एक. आधी नुसता बलक आणि मग कधीतरी पांढरं, असं करायचं कारण नाही. दोन्ही एकत्र कुस्करा.

अंगावर गांध्या उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, सारख्या उलट्या झाल्या, तर अंडं थांबवा आणि मला सांगा. श्वास घ्यायला त्रास झाला तर माझी वाट बघू नका, १०८ ला फोन करा. असं फार थोड्या पोरांना होतं, पण माहीत असलेलं बरं.

कच्चं अंडं दुधात घालून देऊ नका. हाफफ्राय नको. बलक पूर्ण घट्ट झालेलाच द्या.

आता पैशाचं. पोराला रोज दहा रुपयांचं वेफर्सचं पाकीट आणतो. आजीला एकटीला पोर सांभाळायचं असतं, ते गप्प बसतं म्हणून आणतो, मला कळतं ते. पण त्याच पैशात एक अंडं येतं. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांनी उबवायची अंडी जरूर ठेवा, पण उरलेल्यांतलं पहिलं पोराचं. पाहुण्याचं आणि कर्त्या माणसाचं त्याच्यानंतर.

ज्यांच्या घरी माळ आहे त्यांनी घट्ट वरण, दही आणि शेंगदाण्याचं बारीक कूट द्यावं. उपासाच्या वारी बाकीच्यांनीही तेच करावं.

आता मला प्रत्येकीने सांगा. उद्या सकाळी अंडं कोण उकडणार आणि भरवणार कोण?”

वाक्यं अशीच का

शेवटचा प्रश्न भाषणाचा कणा आहे. “देणार ना?” असं विचारलं की सगळ्या हो म्हणतात. “कोण उकडणार, कोण भरवणार?” असं विचारलं की आई आजीकडे बघते, आणि घरातली खरी अडचण तिथेच बोलली जाते. कुणी म्हणेल, मी सहाला उठते तेव्हा पोर झोपलेलं असतं. कुणी म्हणेल, गॅस संपलाय. त्या अडचणीवर तिथल्या तिथे तोडगा काढायला वेळ ठेवा. भाषण पाच मिनिटांचं आणि हा भाग वीस मिनिटांचा, असंच प्रमाण असू द्या.

भाषणात उंचीचं आश्वासन नाही, हे मुद्दाम आहे. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या मुलांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, तेव्हा त्यांची लांबी चांगली वाढली आणि खुंटलेल्या वाढीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नंतर मलावीमध्ये तसाच अभ्यास झाला, तर लांबीत फरक दिसला नाही. तिथली मुलं तळ्याकाठी राहणारी होती आणि मासे आधीच खात होती, हे त्याचं एक संभाव्य कारण सांगितलं जातं. म्हणजे अंड्याचा उपयोग मूल आधी काय खातं त्यावरही अवलंबून असावा. मनोरी किंवा मढच्या कोळीवाड्यात पोराला काटे काढलेला मऊ मासा रोज मिळत असेल, तर तिथे अंड्यासाठी आग्रह धरू नका. तिथे भाषणाचा रोख पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या महिन्यांवर ठेवा. बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, ताजा मासा कमी होतो, आणि तेव्हा अंडं खरं कामाला येतं. आरेच्या पाड्यावर मासे, चिंबोऱ्या खातात, पण बाळाच्या वाटीत त्या क्वचितच येतात. म्हणून तिथे रोजचं अंडं मागणं योग्य.

आणि कुणी विचारलंच की अंड्याने पोर उंच होईल का, तर सरळ सांगा: एकट्या अंड्याने उंची ठरत नाही, आजारपण, पाणी, बाकीचं जेवण सगळंच लागतं. खोटं आश्वासन दिलं तर तीन महिन्यांनी आई पोराला भिंतीला लावून मोजेल आणि पुढच्या वेळी तुमच्या बैठकीला येणार नाही.

अंड्यातून रक्तवाढ होईल असंही सांगू नका. अंड्यात लोह थोडंच असतं आणि ते शरीराला नीट मिळतही नाही. सहा महिन्यांवरच्या मुलांना आठवड्यातून दोनदा मिळणारं लोहाचं सिरप चालूच राहायला हवं.

हमखास येणारे प्रश्न

“अंडं उष्ण पडतं” हे मे महिन्यात तर ऐकायला मिळणारच. इथे वाद घालू नका. आजीचा हा अनुभव बहुधा मसाल्याच्या तेलकट अंडाकरीचा किंवा तळलेल्या आम्लेटचा असतो. बाळाला आपण साधं उकडलेलं, पेजेत कालवलेलं देतो हे सांगा. एवढ्याने समाधान झालं नाही तर उन्हाळ्यात अर्ध्या अंड्यावर तयार करा. बंद पडण्यापेक्षा अर्धं चालू राहिलेलं फार बरं, कारण पावसाळ्यात ते पुन्हा एकावर नेता येतं.

“पोर थुंकतं, त्याला आवडत नाही.” ही तक्रार खरी असते, आणि बहुतेक वेळा दोष चवीचा नसतो. उकडलेला बलक कोरडा असतो, तो टाळूला चिकटतो आणि बाळाला गिळता येत नाही. पांढऱ्याचा मोठा तुकडा घशात अडकण्याचा धोकाही असतो. दोन्ही चमच्याच्या पाठीने पार बारीक करा, वरणाच्या पाण्यात किंवा घट्ट पेजेत सैलसर कालवा. अंगावरचं काढलेलं दूध घातलं तरी चालतं. दुसरी रीत म्हणजे अंडं फेटून उकळत्या पेजेत बारीक धारेने सोडायचं, ढवळत राहायचं आणि तीन-चार मिनिटं शिजू द्यायचं. ओलसर, चकाकणारं काही दिसता कामा नये. चावता न येणाऱ्या बाळाला ही पेज सगळ्यात सोपी जाते. बैठकीत एखाद्या बाळाला, आईला विचारून, आणि त्याने अंडं आधी खाल्लेलं असेल तरच, भरवून दाखवा.

“गावठी चांगलं की दुकानातलं?” दोन्हीत फारसा फरक नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. गावठी महाग मिळतं आणि आकाराने लहानही असतं, म्हणून विकत घेताना पांढरं घ्यावं. घरच्या अंड्यावर विष्ठा लागलेली असेल तर उकडायच्या आधी धुवा, आणि कच्च्या अंड्याला हात लावल्यावर हातही धुवा. तडकलेलं अंडं पोरासाठी नको. पाण्यात टाकल्यावर तरंगलं तर ते जुनं झालेलं आहे, बाळाला देऊ नका. उकडलेल्या बलकाभोवती हिरवट कडा दिसली की बायका घाबरतात. ते अंडं जास्त वेळ उकळलं गेल्याचं लक्षण आहे, नासल्याचं नाही.

एका घराचा हिशेब

असं एक घर धरू. मुलगी दीड वर्षाची, भाऊ चार वर्षांचा, आई सातला निघते आणि दोनला परत येते. घरी चार कोंबड्या आहेत, पण त्यातल्या दोन खुडूक. सकाळी मुलगी आजीबरोबर चहा-बटर खाते, अकराच्या सुमारास वेफर्सचं पाकीट, दुपारी आई आल्यावर भात आणि पातळ आमटी.

बैठकीत विचारल्यावर आई म्हणाली की पोरं मी निघाल्यावर उठतात. मग वेळ अशी बसवायची. आई साडेसहाला चहाबरोबर दोन अंडी उकडते, गार पाण्यातून काढून न सोलता झाकून ठेवते. पोरं उठली की आजी आठच्या आत सोलून देते, मुलीला मऊ भातात कुस्करून, भावाला मिठाबरोबर फोडी करून. उकडल्यापासून दोन तासांची मर्यादा यात पाळली जाते, आणि आजीला सकाळी गॅसपाशी जावं लागत नाही. दोन अंडी यासाठी, की एकच ठेवलं तर ते मोठ्याच्या हातात जातं किंवा धाकटीला पाव वाट्याला येतं. मोठं भावंड घरात असेल तर हिशेब नेहमी दोघांचा मांडा.

आठवड्याला १४ अंडी लागतील. अंडी घालणाऱ्या दोन कोंबड्यांची सगळी अंडी धरायची नाहीत, उबवणीसाठी ठेवून चार घरची मिळतील असं धरू. उरली दहा. दुकानात अंडं ८ रुपयांना धरलं तर आठवड्याचे ८० रुपये होतात. दोन पोरांची रोजची दोन पाकिटं आठवड्याला १४० रुपयांना पडत होती. भाव बदलतो, म्हणून बैठकीच्या दिवशी त्याच पाड्याजवळच्या दुकानातला दर विचारून हिशेब करा, आणि पाटीवर किंवा कागदावर आईच्या समोर मांडा. पाकीट एकदम बंद होत नाही, ते रोजच्याऐवजी दोन-तीन दिवसांआड आलं तरी हिशेब जमतो. मंगळवार-गुरुवार पाळणाऱ्या घरात त्या दिवशीचं अंडं वजा करा आणि त्या सकाळी दही-भात ठरवून द्या. काय द्यायचं ते ठरलं नसेल, तर उपासाच्या दिवशी पुन्हा चहा-बटर परत येतो आणि दुसऱ्या दिवशीही तोच राहतो.

नंतर कसं बघायचं

दोन आठवड्यांनी घरी जा. “अंडं देता का?” असं विचारू नका, उत्तर होच येईल. “काल उठल्यापासून झोपेपर्यंत पोराने काय काय खाल्लं?” असं विचारा आणि मधे बोलू नका. अंडं आपणहून त्या यादीत आलं, कुणी आणि कितीला भरवलं हे सांगता आलं, तर ते चालू आहे असं समजा. शक्यतो आजीला विचारा. यादीत अंडं आलं पण त्याच वेळी वरण किंवा अंगावरचं दूध गळालेलं दिसलं, तर तिथे समजूत चुकली आहे. अंड्याने पोट भरलं म्हणून बाकीचं कमी केलं असेल, ते पुन्हा सुरू करून घ्या.

त्याच भेटीत दंडाची पट्टी लावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड १२.५ सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर घरचं जेवण आणि अंडं पुरेसं आहे का ते दर महिन्याच्या वजनावरून बघत राहा. ११.५ ते १२.५ च्या मधे असेल तर दर आठवड्याला भेट द्या, अंगणवाडीतून मिळणारा आहार घरात बाकीच्यांत वाटला जातो का ते विचारा. ११.५ च्या खाली आला, किंवा पावलांवर बोट दाबल्यावर दोन्हीकडे खळगा राहिला, तर तो अंड्याचा विषय उरत नाही. त्या मुलाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या, आणि आईचा कामाचा खाडा होणार असेल तर सोबत आजीला घेऊन तुम्ही जा.